सतरा पावलांची परीक्षा

हातमोज्यांची एकच जोडी होती, हे खरं आहे. फाइलवर आम्ही जे कारण लिहिलं त्यात खोटा शब्द नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. आता पन्नाशी जवळ आली आहे आणि ते वाक्य आंबलेल्या ताकासारखं लागतं. तोंडात धरवत नाही.

मी तेव्हा विजेच्या खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. जिंतूर रस्त्यावर आमचं उपकेंद्र होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती, अंमलबजावणी लटकली होती, आणि गावोगावी माणसं एकमेकांकडं बघताना आधी आडनाव बघत होती. हॉटेलात चहा पिताना कोण कोणत्या बाकावर बसतं यावरून त्या दिवसाची हवा कळायची. खात्यात उघडपणे कुणी काही बोलत नसे. खात्यातली माणसं शहाणी असतात. त्यांना जे करायचं ते टिपणीवर करतात.

त्या वर्षी वरून परिपत्रक आलं. लाइनवर अपघात वाढले होते. यापुढं कुठल्याही हेल्परला लाइनमन करायचं तर आधी बारा दिवसांचं खात्यांतर्गत प्रशिक्षण, मग परीक्षा. पास झाला तरच बढती. प्रशिक्षणाची उद्दिष्टं काय आणि परीक्षा कशी, हे प्रत्येक विभागानं तयार करून मान्यतेला पाठवायचं होतं. आमच्या उपअभियंता साहेबांनी ते काम माझ्याकडं सरकवलं, कारण प्रशिक्षक कसं व्हावं याचा दहा दिवसांचा वर्ग मी पुण्याला करून आलो होतो. त्या वर्गातून मी एक निळी फाइल आणि बराच गर्व घेऊन आलो होतो.

तिथं आम्हाला शिकवणारे एक वयस्कर प्राध्यापक होते. ते म्हणायचे, उद्दिष्ट लिहिताना 'शिकाऊ माणसाला समजेल', 'माहिती होईल' असलं काही लिहू नका. समजलं हे तुम्हाला दिसणार कसं? तो काय करून दाखवील ते लिहा. कोणत्या साधनांनी करील ते लिहा. किती बरोबर केलं म्हणजे चालेल ते लिहा. आणि मग परीक्षेत नेमकं तेच करायला सांगा. "बैल घ्यायला बाजारात जाता, तेव्हा त्याला चालवून बघता की त्याच्याकडून निबंध लिहून घेता?" असं ते विचारायचे आणि आम्ही हसायचो. मी सर्वांत मोठ्यानं हसलो होतो.

परतल्यावर मी त्यांच्या सांगण्याप्रमाणं कामाला लागलो. उद्दिष्ट लिहायचं तर आधी काम नेमकं कसं होतं ते बघायला हवं. चांगलं काम करणाऱ्याच्या मागं फिरून एकेक पाऊल लिहून काढायला हवं. चांगलं काम करणारा कोण, हे उपकेंद्रात कुणालाही विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं. मनातून आवडत नसलं तरी तेच मिळालं असतं.

तो अकरा वर्षं हेल्पर होता. चौथीपर्यंत शिकलेला, बौद्धवाड्यातला, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. नामांतराच्या दंगलीत ज्या साली घरं जळाली, त्या साली जळालेल्या वस्त्यांमध्ये तारा परत ओढायला तोच गेला होता. त्यातली एक वस्ती त्याच्या बहिणीची होती. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मला दुसऱ्याकडून कळलं.

चार दिवस मी त्याच्या मागं वही घेऊन फिरलो. अकरा हजार व्होल्टची लाइन बंद करून तिच्यावर काम करायचं, तर काय काय करायचं? छापील पुस्तकात सहा पायऱ्या होत्या. लाइन बंद ठेवण्याचा परवाना घ्या, स्विच उघडून वीज तोडा, लाइन तपासा, अर्थिंग करा, काम करा, परवाना परत करा. तो ज्या करत होता त्या माझ्या वहीत सतरा भरल्या.

"टेस्टर हातात घेतला की थेट मेल्या तारंला का लावत न्हाईस?" मी पहिल्या दिवशी विचारलं. काठीच्या टोकाला दिवा असलेला टेस्टर तो आधी उपकेंद्राच्या कुंपणाजवळच्या चालू लाइनजवळ नेत होता.

"साहेब, दिवाच मेला आसंल तर?" तो म्हणाला. "मेला दिवा मेल्या तारंवर लागत न्हाई. जित्या तारंवर बी लागत न्हाई. आधी जित्या तारंवर बघायचं, लागतो का. मंग हिकडं."

हे पुस्तकात नव्हतं. म्हणजे मोठ्या इंग्रजी पुस्तकात असेल. आमच्या खात्याच्या छापील पुस्तिकेत नव्हतं.

अर्थिंगचंही तसंच. जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, तिला जाड तार जोडायची, आणि तारेचं दुसरं टोक लांब काठीच्या आकड्यानं वरच्या तारांवर अडकवायचं. म्हणजे तारेत कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते. पण सळईचं टोक आधी जोडायचं की वरचा आकडा आधी अडकवायचा, हे पुस्तकात लिहिलेलंच नव्हतं. जणू दोन्ही सारखंच.

"आधी खाली, मंग वर," तो म्हणाला. "काढताना उलटं. आधी वर, मंग खाली. वरचं आधी लावलं अन् खालचं लोंबायलाय, तर त्या टायमाला जिमीन कोण? तुमीच की जिमीन."

मी लिहून घेतलं. हे वाक्य मी पुढं पंचवीस ठिकाणी शिकवलं आहे.

आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग. पुस्तकात एकाच बाजूचं चित्र होतं. तो म्हणाला, पलीकडं कापसाच्या जिनिंगवाल्याचं डिझेल इंजिन आहे, लाइट गेली की ते चालू करतात, त्याची वीज उलटी येऊ शकते. "आपुन हिकडनं बंद केलं म्हणून तिकडला माणूस बंद बसत न्हाई, साहेब."

मी उद्दिष्ट लिहिलं. अजून पाठ आहे. 'परवाना, टेस्टर, अर्थिंगचे दोन संच, रबरी हातमोजे व कमरपट्टा दिल्यावर, प्रशिक्षणार्थी उपकेंद्राच्या आवारातील सराव-लाइन एकट्याने मृत करून, दोन्ही बाजूंना अर्थिंग करून, काम संपल्यावर परवाना परत करून दाखवील. एकही पाऊल न गाळता व क्रम न बदलता.' मग परीक्षा. सतरा पावलांची तपासयादी, दोन परीक्षक, दोघांनी एकमेकांकडं न बघता खुणा करायच्या. पाच पावलांवर मी तांबडी फुली केली. ही चुकली तर बाकी सगळी बरोबर असली तरी नापास, कारण या पाचांत मार्क जात नाहीत, माणूस जातो. जिथं कारण विचारायचं तिथं तोंडी विचारायचं. कुणालाच काही लिहायचं नव्हतं. उमेदवार नऊ, प्रत्येकाला पाऊण तास, दोन दिवसांत परीक्षा आटोपली असती.

मला तो कागद फार आवडला होता. तो वाचताना त्या हेल्परचे हात दिसायचे. तो पास होणार हे मला माहीत होतं, आणि अकरा वर्षांनी तो लाइनमन होणार, याचा मला मनातून आनंदही झाला होता. हेही खरं आहे. चांगलं वाटून घ्यायला काही लागत नाही.

लाइन इन्स्पेक्टर माझ्या आईच्या गावचे होते. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला भाचे म्हणायचे, ऑफिसातसुद्धा. परीक्षक म्हणून मी त्यांचं नाव घातलं होतं. त्यांनी मसुदा वाचला, घडी केली आणि म्हणाले, "भाचे, काम झकास केलंत. पर हातमोजे किती जोड्या हायत?"

"एक. स्टोअरमधून मागवलीय. नवी."

"सिनिऑरिटीच्या यादीत पयला नंबर कुणाचा?"

मी त्या हेल्परचं नाव सांगितलं.

"त्यानं हात घालून घामानं ओले करायचे, अन् मंग आमच्या पोरांनी त्यात हात घालायचे व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसा होता. "लाइनवर कोण हातमोजे घालतंय, सांगा बरं? समदे उघड्या हातानं करतेत. म्हणून आजवर कधी हा सवालच आला न्हाई. तुमी परीक्षेत आणलात."

खरोखरच लाइनवर कुणी हातमोजे घालत नव्हतं. हातमोज्यांची जोडी पाठवून खात्यानं सुरक्षा आणली, आणि सुरक्षेबरोबर ही घाण वर आली. ती आधीपासून होतीच. फक्त तिला हात घालायला जागा नव्हती. हे मला कळत होतं. पण मी काय म्हणालो, ते ऐका. मी म्हणालो, "मामा, मग त्याला शेवटच्या नंबरला घेऊ."

तो माझा प्रस्ताव होता. त्यांचा नव्हता.

मामा हसले. "यादी सोडून शेवटी घेतलं की त्याची युनियन तकरार करील. हवा कशी हाय बघताव ना तुमी. न्हाई, न्हाई. लेखी ठेवा. लेखीला कुणाची तकरार नसती. ज्याला येतंय तो लिहील." मग म्हणाले, "माझ्या पुतण्याचा बी नंबर हाय यादीत. दहावी झालाय. तुमाला म्हाईतच हाय."

मी उपअभियंता साहेबांकडं गेलो. मनात कुठंतरी वाटत होतं की ते म्हणतील, नाही, प्रात्यक्षिकच होईल. म्हणजे माझ्यावर काही येणार नाही. साहेब भले गृहस्थ होते. दर गुरुवारी उपास करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिडकीकडं बघितलं आणि म्हणाले, "साधनं कमी आहेत, वेळ कमी आहे. हे कारण पुरेसं आहे. दुसरं काही लिहू नका. आणि नमुना उत्तरं खात्याच्या पुस्तिकेतूनच घ्या. उद्या कुणी माहिती मागितली तर पुस्तिका दाखवता आली पाहिजे."

"पण सर, पुस्तिकेत सहाच पायऱ्या आहेत."

"मग सहा विचारा."

आता माझ्या हुशारीचा भाग येतो. परीक्षा उद्दिष्टाला धरून असली पाहिजे, हे मी पुण्याला शिकून आलो होतो. उद्दिष्टात 'करून दाखवील' आणि परीक्षा लेखी, असं पाठवलं असतं तर वरच्या कार्यालयात कुणी ना कुणी बोट ठेवलं असतं. साहेबांना हे सुचलं नसतं, मामांना तर नाहीच. मला सुचलं. मी उद्दिष्टच बदललं. 'प्रशिक्षणार्थी लाइन मृत करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहील व अर्थिंगची व्याख्या देईल. शंभरपैकी किमान पन्नास गुण.' झालं. उद्दिष्ट आणि परीक्षा एकमेकांना तंतोतंत जुळली. ज्या विद्येनं खोट पकडायची, तीच विद्या मी खोट बुजवायला वापरली. टंकलेखकानं कागद टाइप केला, मी दस्तखत केली. जुना मसुदा, सतरा पावलांचा, निळ्या फाइलीत मागं सरकवला.

बारा दिवस वर्ग झाला. उपकेंद्राच्या स्टोअरमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. मी खडूनं फळ्यावर सहा पायऱ्या लिहायचो आणि नऊ जण वहीत उतरवून घ्यायचे. तो पुढच्या सतरंजीवर बसायचा, पण काठावर. मधे एक हात जागा आपोआप सुटायची. पाण्याचा माठ एकच होता. तो मात्र घरून बाटली आणायचा. वहीत तो एकेक अक्षर खिळा ठोकल्यासारखं काढायचा. मी फळा पुसायला लागलो की त्याचं अर्धंच झालेलं असायचं. एकदाही तो 'थांबा' म्हणाला नाही.

पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, "साहेब, ते दिव्याचं तुमी लिहिलं न्हाई फळ्यावर."

"पुस्तकात नाही ते," मी म्हणालो.

"आमच्या वहीत होतं की. म्हंजी, तुमच्या वहीत."

मामांचा पुतण्या मागून म्हणाला, "परीक्षेला काय येणार तेवढंच शिकवायलेत साहेब. तू तुजी वही वेगळी काढ." चार-पाच जण हसले. मी खडू बदलला.

परीक्षेचा दिवस. तीन तासांचा पेपर. पुतण्या दीड तासात उठला, केस विंचरत बाहेर गेला. चौथी शिकलेला तो हेल्पर शेवटच्या घंटेपर्यंत बसला होता. मी पर्यवेक्षक म्हणून त्याच्या मागून दोनदा गेलो. त्याचा अंगठा शाईनं निळा झाला होता. त्या अंगठ्यानं अकरा हजारांच्या तारेला गाठ मारलेली मी बघितली होती.

पेपर मी तपासले. मामा दुसरे परीक्षक होते. त्यांनी नुसत्या सह्या केल्या. त्या हेल्परच्या पेपरवर तिसऱ्या पायरीला, ओळ सोडून खाली उतरलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दिवा आदी जित्या तारंवर बगावा. मंग मेल्या.' आणि चौथ्या पायरीला: 'आदी खाली. मंग वर. दोनी बाजूला.'

नमुना उत्तरात असं काही नव्हतं. नमुना उत्तर होतं, 'लाइन तपासणे' आणि 'अर्थिंग करणे'.

माझा हात थांबला, हे मी सांगू शकलो असतो. थांबला नाही. मी लाल पेनानं दोन्हीकडं फुली मारली. पहिल्या मसुद्यात ज्या पाच पावलांवर मीच तांबडी फुली केली होती, म्हणजे हे आलं नाही तर माणूस नापास, त्यांतली ही दोन होती. ती त्याला आली होती, आणि आली म्हणून मी त्यांच्यावर फुली मारत होतो. अर्थिंगच्या व्याख्येला त्यानं काही लिहिलं नव्हतं. तिथं वीस गुण होते. बेरीज एकतीस आली. मी दोनदा केली. कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की अन्याय होऊ नये म्हणून दोनदा केली.

निकाल फलकावर लागला. नऊपैकी सहा पास. पुतण्या शहात्तर गुणांनी पहिला. मामांनी ऑफिसात पेढे वाटले. माझ्या टेबलावर दोन ठेवले. मी एक खाल्ला.

दुपारी तो हेल्पर आला. दारात उभा राहिला, मी म्हणालो तरी बसला नाही. मला वाटलं पेपर दाखवा म्हणेल, फेरतपासणी मागेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"साहेब," तो म्हणाला, "ते चार दिस तुमी जे लिहून घेतलंव माझ्याकडनं, त्ये काय केलंव?"

"आहे ना. फाइलीत आहे."

"त्ये बरोबर होतं का चुकीचं होतं?"

"बरोबर होतं."

"सतरा बी?"

"सतराही."

त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो हिशेब जुळवत असल्यासारखा दिसत होता, आणि जुळत नव्हता. "बरं," म्हणाला आणि गेला. जाताना फलकापाशी थांबला नाही.

पावसाळा संपता संपता बोरी गावाच्या बाजूला लाइनवरचा एक चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला. मी टोळीबरोबर गेलो. आता लाइनमन होता तो पुतण्या. परवाना त्याच्या नावानं निघाला. अकरा वर्षं हेल्पर असलेला माणूस आता त्याचा हेल्पर. मी रस्त्याच्या कडेला जीपला टेकून उभा होतो.

पुतण्यानं टेस्टर पेटीतून काढलाच नाही. परवाना खिशात होता, म्हणजे लाइन बंद. पायऱ्या त्याला पाठ होत्या. 'लाइन तपासणे' त्यानं पेपरात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मग त्यानं शिडीवर चढून आकड्याची काठी उचलली आणि तारेकडं नेऊ लागला. अर्थिंगच्या तारेचं खालचं टोक चिखलात नुसतं पडलं होतं. सळई अजून ठोकलेलीही नव्हती.

मला दिसत होतं. मी जीपला टेकूनच राहिलो. काय म्हणणार होतो? जे मी शिकवलं नाही ते त्यानं केलं नाही.

"थांबा, लाइनमन साहेब." तो खालून म्हणाला. साहेब म्हणाला. वीस-बावीस वर्षांच्या पोराला. "काठी मागं घ्या. आधी खाली."

"परवाना हाय की," वरून आवाज आला.

"आसू द्या. काठी मागं घ्या म्हणलं ना."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. काठी मागं आली. त्यानं सळई ठोकली, तार जोडली, दोनदा ओढून बघितली. मग म्हणाला, "आता लावा." आकडा तारेला लागला आणि चट असा आवाज झाला, निळसर ठिणगी उडाली. फार मोठी नाही. शेजारून दुसरी लाइन जात होती, तिच्यामुळं या तारेत भार भरला असेल; किंवा पलीकडं कुणी इंजिन चालवत असेल. नक्की काय ते कळलं नाही. वर पुतण्याचा चेहरा पांढरा पडला होता. खाली त्यानं दुसरा संच उचलला आणि पलीकडच्या खांबाकडं चालायला लागला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

जीपमध्ये बसल्यावर मला उलटी झाली. ड्रायव्हर म्हणाला, "ऊन लागलं जणू साहेबाला." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी निळी फाइल घेऊन साहेबांकडं गेलो. म्हणालो, परीक्षा परत प्रात्यक्षिक करू या, जुना मसुदा तयार आहे, हातमोजे मी आणखी मागवतो. साहेबांनी एक पत्र पुढं केलं. वरच्या कार्यालयाचं होतं. आमच्या विभागाची उद्दिष्टं आणि परीक्षा एकमेकांना फार नीट जुळतात, असं त्यात लिहिलं होतं. बाकीच्या विभागांना नमुना म्हणून प्रती पाठवणार होते. तयार करणारा म्हणून माझं पद लिहिलं होतं.

"आता बदलायचं तर खुलासा द्यावा लागेल," साहेब म्हणाले. "पहिला मसुदा कसा होता, तो कुणी बदलला, का बदलला. लिहा. मी पुढं पाठवतो. अडवणार नाही." आणि कोरा कागद माझ्याकडं सरकवला.

ते खरंच अडवणार नव्हते. एवढंच करायचं होतं: का बदललं, ते एक ओळ. हातमोजे, त्याचे हात, आमची पोरं. माझा शेवटच्या नंबरचा प्रस्ताव. मी पेन काढलं. तारीख घातली. विषय लिहिला. मग आईचं गाव आठवलं, मामा आठवले, बहिणीचं लग्न त्याच भावकीत ठरत होतं ते आठवलं. मी म्हणालो, "विचार करून देतो, सर." कागद घरी आणला. पुढं बरेच दिवस तो कपाटात होता, विषयापर्यंत लिहिलेला.

पुढच्या वर्षी परत वर्ग निघाला. माझी शरम मी एका युक्तीत गुंडाळली. त्याला बोलावलं आणि म्हणालो, यंदा बस. मी प्रश्न वाचून दाखवीन, तू सांग, मी लिहीन. असं करता येतं, नियमात बसवतो. हे मी उपकार केल्यासारखं म्हणालो. आवाज आठवतो मला माझा.

तो खांबाच्या तळाला बसून दोर गुंडाळत होता. सावकाश गुंडाळत राहिला.

"मंग लोक म्हणतेल, ह्याला साहेबानं लिहून दिलं. साहेबानं पास केलं."

"म्हणू दे."

"तुमाला काय, म्हणू दे." त्यानं दोराची गाठ मारली. "एकदा तुमच्या हातानं नापास झालो, साहेब. आता तुमच्याच हातानं पास बी व्हायचं व्हय? माझे हात कवा बघताव?"

त्यानं दोर खांद्यावर टाकला.

"खांबावर घ्या परीक्षा. आत्ता घ्या. समद्या पोरायच्या म्होरं. मी बसतो." तो उठून उभा राहिला. थट्टा नव्हती. खांद्यावर दोर, हात मोकळे. समोर सराव-लाइन होती, दहा पावलांवर. टोळीतली माणसं स्टोअरच्या सावलीत भाकरी खात होती, मामाही होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं.

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "नंतर बघू."

"बरं," तो म्हणाला. निकालाच्या दिवशी माझ्या दारात म्हणाला होता तसंच.

पुढं माझी बदली झाली. तो हेल्पर म्हणूनच राहिला. परीक्षा त्यानं परत दिली नाही, आणि मीही घेतली नाही. नमुना म्हणून गेलेली ती परीक्षा बरीच वर्षं चालली असं ऐकतो. नवीन पोरांच्या वर्गात मला अजून बोलावतात. मी त्यांना आधी खाली, मग वर, असं शिकवतो, काढताना उलटं; टेस्टर आधी जित्या तारेवर; दोन्ही बाजूंना अर्थिंग. पोरं लिहून घेतात. एखादा विचारतो, सर, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हणतो, अनुभवातून आलंय. कुणाच्या ते विचारत नाहीत. मी सांगत नाही.